पेटी इली काय

माझी हापूसची बाग देवगड तालुक्यात आहे. गेली सोळा-सतरा वर्षं मी आंब्याच्या पेट्या दलालाला न देता थेट घरोघरी पाठवतो. पेटी भरायला मी शाळेत असतानाच शिकलो. पेटीबरोबर जायचा निरोप लिहायला मात्र चाळिशी उलटल्यावर शिकलो, तेही एक अख्खी पेटी नासल्यावर.

ती पेटी गिऱ्हाइकाची नव्हती, मित्राची होती. हा मित्र वरूडकडचा, संत्र्याचा बागायतदार. फळबागांच्या एका शिबिरासाठी आम्ही पाच दिवस पुण्यात एका खोलीत राहिलो आणि तिथेच आमचं जमलं. शिबिरात दोघंही जरा सांभाळूनच बोलत होतो. मी माझं मालवणी आवरत होतो, तो त्याचं वऱ्हाडी. पुढे फोन सुरू झाले. डिसेंबरात त्याच्या आंबिया बहाराची संत्री माझ्याकडे यायची, एप्रिलअखेर माझे आंबे त्याच्याकडे जायचे. फोनवर भाषेची अडचण कधी आली नाही, कारण एखादा शब्द कळला नाही तर तो तिथेच "काय म्हनलं?" विचारायचा. शिवाय मी हसतोय की चिडलोय, ते आवाजावरून कळायचं.

मग घरोघरी व्हॉट्सॲप आलं आणि मी फोन करायचा कंटाळा करायला लागलो. सीझनला दिवसाला चाळीस-पन्नास पेट्या जातात, तेव्हा बोलायला सवड नसते. त्या वर्षी त्याची पेटी गाडीवर चढवली आणि तिथेच उभ्या उभ्या, मनात येईल तसं लिहून पाठवलं:

"मेल्या, आंब्याची पेटी धाडलेली आसा. इली काय लगेच उघड. आंबे गवतातच ऱ्हवांदेत, फ्रिजात घालू नको. हिरवे दिसले म्हणान घाबरू नको, चार दिसांत पिकतले. वास येवक लागलो काय खावक घे. गावली काय सांग. आणि मे महिन्यात पोराबाळांका घेवन ये, नायतर शिरा पडली तुझ्यार."

आमच्याकडचा कोणीही हे वाचून हसेल आणि पेटी उघडेल. माझ्या मित्राने उघडली नाही.

त्याने काय वाचलं, ते नंतर त्यानेच मला एकेक वाक्य घेऊन सांगितलं. "इली" हा शब्दच त्याला कळला नाही. मालवणीत "आली"ला "इली" म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? पण खरा घोटाळा पुढच्या "काय"ने केला. आम्ही "की"च्या जागी "काय" म्हणतो. "इली काय उघड" म्हणजे "आली की उघड". त्याला तो प्रश्न वाटला. "लगेच उघड" त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याच्या आधी काहीतरी विचारलेलं होतं, आणि शेवटी पुन्हा "गावली काय सांग" हा दुसरा प्रश्न. गावली म्हणजे सापडली, एवढं त्याने ताडलं. त्यावरून त्याने असा अर्थ लावला की पेटी वाटेत कुठे हरवली होती, मी शोधतोय, आणि आलेली पेटी बहुधा दुसऱ्याच कोणाची आहे. दुसऱ्याची पेटी फोडायची कशी? म्हणून त्याने ती तशीच्या तशी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या फोनची वाट पाहत बसला. मी सीझनमध्ये बुडालेलो. वरूडला तेव्हा उन्हाचा कडाका होता. बंद पेटीत आंबे उबले. चौथ्या दिवशी पेटीच्या तळाशी ओल दिसली, तेव्हा त्याने उघडली. पाच डझनांतले जेमतेम दीड डझन हाती लागले, आणि तेही त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी खाली बसून एकेक चाचपून निवडले.

आंब्यांचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. निरोप आला तेव्हा फोन वहिनींच्या हातात होता. पहिलाच शब्द वाचून त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "हा मानूस तुमाले मेल्या काहून म्हनून राहिला?" आणि शेवटचा "शिरा" त्यांना रव्याचा वाटला. म्हणजे मी एका ओळीत त्यांच्या धन्याला मेला म्हटलं होतं आणि दुसऱ्या ओळीत काहीतरी गोड पडल्याचं कळवलं होतं. मालवणी माणूस जिवाभावाच्या माणसाला शिव्याशाप दिल्याशिवाय हाक मारत नाही. "मेल्या" आणि "शिरा पडली" ऐकलं की आमच्याकडे समोरच्याला कळतं की याच्या मनात काही नाही. वरूडच्या घरात ते कळायला काही आधारच नव्हता. कागदावर उरला तो नुसता शाप.

मी वरमलो. पुढच्या वर्षी ठरवलं, आता शुद्ध लिहायचं. आणि शुद्ध म्हटल्यावर माझ्या हातातून हे उतरलं:

"स. न. वि. वि. आपणांस आंब्याची पेटी पाठविली आहे. प्राप्त होताच त्वरित उघडावी. आंबे शीतकपाटात ठेवू नयेत. पेटी मिळाल्याचे कृपया कळवावे. सहकुटुंब येण्याचे करावे."

दहा मिनिटांत त्याचा फोन. "काय झालं बे? रागावला काय मायावर?"

मी म्हटलं, रागावलो कशाला, शुद्ध मराठीत लिहिलंय.

"हे मराठी नाही राजा, हे तहसीलचं पत्र आहे. आपणांस कोन? आपन दोघं एका खाटेवर झोपलो ना पुन्याले."

ते खरं होतं. शिबिरात खोली लहान होती. त्या फोननंतर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी प्रमाण मराठी आणि कार्यालयातली मराठी यांची गल्लत करत होतो. आमच्या पिढीने शाळेत प्रमाण भाषा वाचली ती पाठ्यपुस्तकात आणि पुढे पाहिली ती सोसायटीच्या नोटिशीत. म्हणून बोली सोडली की हात आपोआप "पाठविली आहे" आणि "कळवावे"कडे वळतो. मधे एक मोठा पट्टा आहे, ज्यात "पाठवली", "कळव", "ये ना" असतं. तो चंद्रपूरलाही कळतो आणि सावंतवाडीलाही. रेडिओवर निवेदक गप्पा मारतो ती भाषा. मी तिच्यावरून उडी मारून थेट तहसील कचेरीत जाऊन पडलो होतो.

तिसऱ्या वर्षी मी निरोप लिहायला बसलो तो रात्री, जेवण झाल्यावर. हे काम उभ्याने होत नाही, एवढं कळलं होतं. आधी मालवणीत मनात येईल ते सगळं लिहिलं, आणि मग एकेका वाक्यापाशी थांबलो. प्रत्येक वाक्याला मी दोन गोष्टी विचारत होतो: यात त्याने काय करायचं आहे, आणि यात माझा जीव कुठे आहे.

करायच्या गोष्टी सोप्या होत्या. "इली काय" याचं "पोचली की" झालं. "गावली"चं "मिळाली" केलं. तो स्वतः "भेटली" म्हणतो, पण "मिळाली" त्याला कळतं, आणि माझ्या तोंडी "भेटली" खोटं वाटलं असतं. "पिकतले"चं "पिकतील". "वास येवक लागलो" यावर मात्र मी अडलो. सरळ रूपांतर "वास यायला लागला" असं होतं, पण घाटावर नुसता वास आला म्हणजे काहीतरी नासलं असं समजायची सवय आहे. मागच्या अनुभवानंतर त्या घरात आंब्याचा वास या शब्दाला तसाही वाईट वास होता. तिथे "घमघमाट" लिहिलं. शिवाय नुसत्या वासावर सोडून दिलं नाही, दुसरी खूणही घातली. मालवणात आंबा कधी खायचा हे कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून मूळ निरोपात ती नव्हतीच. भाषा बदलताना हेही करावं लागतं, हे तेव्हा कळलं. आपल्याकडे जे न बोलता कळतं, ते दुसऱ्या मुलखात बोलावं लागतं.

अवघड होता तो जीव. "मेल्या" काढला की निरोपाचा सगळा प्राणच जातो. त्याच्या जागी "प्रिय मित्रा" घालून पाहिलं, तर लग्नपत्रिकेसारखं वाटलं. "अरे मित्रा" सिनेमासारखं. शेवटी नुसतं "अरे" ठेवलं. पुण्यात मी त्याला असंच हाकारत होतो. आणि "शिरा पडली"? तिथे मी बराच वेळ बसलो. शब्दाला शब्द शोधत होतो, तोवर काही सुचेना. मग स्वतःलाच विचारलं, की मी तो शाप देतो तेव्हा नक्की काय करत असतो? तर मी धमकी देत असतो, आणि ती खरी नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. मग धमकीच द्यावी, पण त्याला ओळखू येईल अशी. त्या रात्रीचा निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे:

"अरे, तुझी पेटी आज गाडीवर चढवली. पाच डझन आहेत. पोचली की लगेच उघड, बंद ठेवू नकोस. तुमचं ऊन काय असतं ते आपण दोघांनी पाहिलंय. आंबे गवतातच पण सुटे सुटे पसरून ठेव, खोलीत वारा खेळू दे. फ्रिजमध्ये मात्र नको. हिरवे दिसतील, पण कच्चे नाहीत. चार-पाच दिवसांत पिवळे होतील. घरभर घमघमाट सुटला आणि देठाजवळ हलकेच दाबल्यावर जरा मऊ लागला, की कापायला घे. पहिला आंबा काकांना दे. त्या खेपेला त्यांनी नासक्यातून निवडून खाल्ले, तो हिशेब माझ्या डोक्यावर आहे. मिळाली की कळव. आणि मे महिन्यात वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. या वर्षी नाही आलास तर पुढच्या वर्षीपासून पेटी बंद, आत्ताच सांगून ठेवतो."

उत्तर आलं: "उघडली. माच लावला. बाबा म्हनून राहिले, पेटी बंद करशीन तर संत्री बंद."

काकांचं वाक्य मालवणी निरोपात नव्हतं. ते मी काही ठरवून घातलं असंही नाही. बोलीत "मेल्या" या एका शब्दावर मी सगळी माया भागवत होतो. तो शब्द गेल्यावर मायेला दुसरीकडे कुठेतरी जागा लागली, आणि ती त्या म्हाताऱ्यापाशी मिळाली. तेव्हापासून मी हेच करतो. बोलीतला जिव्हाळ्याचा शब्द काढावा लागला की त्याच्या जागी दुसरा गोड शब्द शोधत बसत नाही. त्या घरातली एखादी खरी गोष्ट आठवतो आणि ती साध्या शब्दांत लिहितो.

मधे एक वर्ष मी वाहवलो होतो. त्याच्याशी बोलून बोलून वऱ्हाडी कानावर बसली होती, आणि मला वाटलं, त्याच्याच बोलीत लिहिलं तर किती आवडेल त्याला! म्हणून त्याच्या थोरल्या भावाला, ज्यांनाही त्या वर्षी पेटी गेली होती, लिहिलं, "पेटी उघडून पाहजो, आन आमच्याकडे येजो." मित्राने फोन करून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग म्हणाला, दादाले पुन्हा असं लिहू नको. "येजो" हे "तू"ला. वडीलधाऱ्याला "येजा". मी त्याच्या दादाला, आयुष्यात एकदाही न भेटता, अरे-तुरे केलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षाही वाईट गोष्ट तो बोलला नाही, मीच ओळखली. वऱ्हाडी माणसाने आपली बोली सिनेमात आणि नाटकात हशा पिकवण्यासाठी वापरलेली पुष्कळ पाहिली आहे. मालवणी माणसानेही. बाहेरचा माणूस आपली बोली बोलायला लागला की तो प्रेमाने बोलतोय की नक्कल करतोय, हे ऐकणाऱ्याला लगेच ठरवता येत नाही. लिहिलेल्यात तर मुळीच नाही. साध्या मराठीचा एक उपयोग हा आहे की ती दोघांचीही नाही. तिथे दोघंही पाहुणे असतात.

चुका काही एकाच बाजूने झाल्या नाहीत. एका मे महिन्यात तो खरंच निघाला. सकाळी निरोप आला, "येऊन राहिलो." मी वाचलं आणि मला चरचरलं. येऊन राहिलास? कुठे? माझं घर असताना कणकवलीला लॉज घेतलास? मी तासभर धुमसत होतो. मग न राहवून विचारलं, "कुठे राहिलास?" तिकडून उत्तर, "कुठी राहीन? गाडीत बसून राहिलो ना बाप्पा!" वऱ्हाडीत "येऊन राहिलो" म्हणजे येतोय, वाटेत आहे. मला ते पाठ असायला हवं होतं, कारण फोनवर तो सारखा "जेवून राहिलो", "पाहून राहिलो" म्हणायचा. पण फोनवर "जेवून राहिलो" म्हणताना तोंडात घास असतो. लिहिलेल्या अक्षरांत घास नसतो.

बोली बदलली तरी काही गोष्टी मात्र हरवत नाहीत. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यातला मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने आहेत आणि बहुतेक नमुन्यांसाठी गोष्ट एकच निवडली आहे, बायबलातल्या उधळ्या मुलाची. बाप घर सोडून गेलेल्या मुलाला परत आलेला पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. एका शिक्षक मित्राने तो खंड दाखवला तेव्हा मी आधी कोकणातला नमुना वाचला आणि मग वऱ्हाडचा. माझं निम्मं लक्ष व्याकरणाकडे होतं, आणि निम्मं याकडे की बाप धावतो ते सगळीकडे लगेच कळतं.

गावात हळूहळू बातमी पसरली की हा निरोप नीट लिहून देतो. आता सीझनला बागायतदार येतात, तो धंदा झाला. पण लक्षात राहिली ती शेजारची काकी. तिच्या मुलाने नागपूरकडची मुलगी केलेली. सून बाळंत झाली, आणि काकीला विहीणबाईंना कळवायचं होतं. विहीणबाईंना मालवणी कळत नाही आणि काकीला दुसरं काही येत नाही. ती माझ्या पडवीत बसून म्हणाली, "लिही, चेडू झाला. दोघाय बरी आसत. घाबरू नका."

मी लिहिलं, "मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. काळजी करू नका." वाचून दाखवलं. काकी गप्प. म्हणाली, "ह्यां दवाखान्यातला वाटता."

मी "घरात लक्ष्मी आली" करून पाहिलं. काकीने तोंड वाकडं केलं. तसं सगळेच लिहितात. मग मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, काकी, तू नातीला पाहिलंस तेव्हा पहिलं काय मनात आलं? ती म्हणाली, "नाक बघलंय. नाक तेंच्यासारख्यां आसा, विहिणीसारख्यां."

मग मी लिहिलं: "विहीणबाई, नात झाली. दोघी छान आहेत, काळजी करू नका. मी आत्ताच मांडीवर घेऊन आले. नाक अगदी तुमच्यावर गेलंय. तुम्ही येईपर्यंत तिला काजळ घालत नाही, पहिलं बोट तुमचं."

काजळाचं काकीने आपणहून सांगितलं. तेही "पयलां बोट तेंचा" असं. मी फक्त व्याकरण बदललं.

काही गोष्टी साध्या मराठीत येतच नाहीत, हेही कबूल करतो. "गजाली"ला "गप्पा" म्हणता येतं, पण गप्पा चहाबरोबर संपतात, गजाली संपत नाहीत. म्हणून मित्राच्या निरोपात मी तो एक शब्द तसाच ठेवतो, आणि पहिल्या वर्षी पुढे लिहिलं होतं, "म्हणजे रात्री अंगणात बसून बोलायचं, झोप येईपर्यंत." आता अर्थ लिहावा लागत नाही. एका निरोपात असा एकच ठेवतो. दोन ठेवले की वाचणारा पुन्हा कोड्यात पडतो, आणि कोपऱ्यात पेटी उबते. "मेल्या" मात्र मी अजून लिहीत नाही. तो शब्द फक्त फोनवर म्हणतो, आणि तोही वहिनी जवळ नाहीत ना, हे विचारून.

या वर्षीची पेटी गेल्या मंगळवारी गेली. उत्तर आलं आहे: "भेटली. उघडली. पहिला बाबांनी खाल्ला. मे महिन्यात गजालीले येऊन राहिलो, सगळे." या वेळी मी लॉज शोधला नाही. बारा तारखेला पहाटे कणकवली स्टेशनवर गाडी घेऊन जायचं आहे.